तैलचित्रावर बटाटा चोळण्याआधी

«जुनं तैलचित्र काळं पडलंय? ती फक्त वर्षानुवर्षांची धूळ असते. बटाटा अर्धा कापून हलक्या हातानं चोळा, सगळं निघून येईल. मग जवसाचं तेल लावा. रंग कोरडे पडून तडकलेले असतात, तेल प्यायले की तडे बुजतात. पुन्हा पिवळं पडू नये म्हणून चित्र अंधाऱ्या खोलीत ठेवा.»

गेल्या दिवाळीत हा मेसेज फिरला आणि मंगळवार पेठेतल्या एका घरानं तो मनावर घेतला. आठवडाभरात त्यांच्या पणजोबांचं चित्र माझ्या टेबलावर आलं. डोक्याला फेटा, अंगात तपकिरी कोट, कोपऱ्यात १९३६ साल. घरच्या काकी पुन्हापुन्हा सांगत होत्या, "दादा, लई हलक्या हातानं फिरवलाय हो बटाटा." त्यांच्या हाताचा काही दोष नव्हता. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या कोल्हापुरात अशी चित्रं अजून कितीतरी घरांत टांगलेली आहेत. म्हणून या एका चित्राच्या आधारेच उत्तर देतो.

धुळीपासून सुरुवात करू. चित्र पूर्वी देवघराच्या दाराशी होतं, त्यामुळे समईची आणि उदबत्तीची काजळी त्यावर नक्कीच होती. पण चित्र म्हणजे एक थर नव्हे. सगळ्यात खाली कापड, त्यावर सरस, सरसावर पांढरं अस्तर, अस्तरावर तेलात खललेला रंग आणि सगळ्यात वर व्हार्निश. काळेपणा यातल्या कुठल्या थरात आहे ते आधी पाहावं लागतं. पार्श्वभूमीच्या अगदी कडेला, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत मी थुंकीनं ओला केलेला कापसाचा बोळा फिरवला. ऐकायला कसंतरी वाटेल, पण थुंकीतली विकरं काजळी आणि चिकट मळ सोडवतात आणि जगभरचे चित्रसंवर्धक ती वापरतात. बोळा राखाडी झाला, म्हणजे काजळी निघाली. तरी खालची जागा चहासारखी पिवळीच. मग त्याच जागी, थोडं अल्कोहोल मिसळलेल्या सौम्य द्रावकाचा बोळा फिरवला. तो मधासारखा पिवळट-तपकिरी झाला आणि खालून एकदम निळसर राखाडी पार्श्वभूमी दिसली. घरच्यांना ती आजवर हिरवी वाटत होती.

तो मधाचा रंग व्हार्निशचा. त्या काळी डॅमार किंवा मॅस्टिक नावाची झाडाची राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळवून चित्रावर फिरवत. नवी असताना ती काचेसारखी स्वच्छ असते. हवेतला ऑक्सिजन आणि उजेड यांनी ती काही दशकांत पिवळी आणि पुढे तपकिरी होते. मग चित्र पिवळ्या काचेतून पाहिल्यासारखं दिसतं: पांढरं लोण्यासारखं, निळं हिरवट. रेम्ब्रांटच्या १६४२ सालच्या एका प्रचंड चित्राला लोक 'रात्रीचा पहारा' म्हणू लागले ते काळवंडलेल्या व्हार्निशमुळेच. चित्रातला प्रसंग दिवसाचा आहे. अंधारात अतिनील टॉर्च मारला की जुनं राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं. आमच्या पणजोबांवरही तशी चमक होती, फक्त दोन ठिकाणी नव्हती. त्यांच्याकडे पुढे येतोच.

पहिलं ठिकाण बटाट्याचं. बटाट्यात मुख्यत: पाणी आणि पिष्ट. पाण्यानं वरची थोडी काजळी पुसली जाते आणि उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पण नव्वद वर्षांच्या चित्राला बारीक तडे असतातच. पाणी त्यांतून थेट सरसाच्या थरापर्यंत जातं. सरस फुगतो, कापड आखडतं. वरचा रंग मात्र ना फुगू शकतो ना आखडू शकतो, म्हणून तो तड्याच्या कडेनं सुटतो. टॉर्च बाजूनं, चित्राला जवळजवळ टेकवून धरला तेव्हा फेट्यावर पापुद्र्यांच्या कडा वर आलेल्या दिसल्या, आणि तांदळाच्या कणीएवढे तीन तुकडे गळून खालचं पांढरं अस्तर उघडं पडलं होतं. आजूबाजूचं व्हार्निश ओल शिरून दुधाळ झालेलं. त्यातच तड्यांमध्ये उरलेलं पिष्ट. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत बुरशीला आणखी काय हवं? कापूस-ब्रशनं ते काढायला मला जितके दिवस लागले, तितके अख्खी काजळी काढायलाही लागले नाहीत.

आता तेल. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे समजूत मुळातच उलटी आहे.

जवसाचं तेल पाण्यासारखं वाळत नाही. तेल उडून जात नाही, उलट ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि सुरुवातीला त्याचं वजन थोडं वाढतंच. तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्याचं घट्ट जाळं होतं आणि त्या जाळ्यात रंगाची पूड अडकून बसते. खात्री करायची असेल तर घाण्यावरून जवसाचं आणि शेंगदाण्याचं तेल आणा आणि दोन काचांवर अगदी पातळ पसरा. जवसाच्या तेलावर काही दिवसांत कातडी धरेल. शेंगदाण्याचं महिन्यानंतरही चिकटच राहील. म्हणून तर चित्रकारांनी जवस घेतला, शेंगदाणा घेतला नाही.

ज्या क्रियेनं तेल घट्ट होतं, तीच पुढे अनेक दशकं संथपणे चालू राहते. त्या जोडणीतच पिवळे पदार्थ तयार होतात आणि थर कडक, ठिसूळ होत जातो. म्हणजे रंगातलं तेल संपलेलं नसतं. त्याचा आता घन पदार्थ झालेला असतो आणि त्याला तहान लागत नाही. वरून लावलेलं तेल त्यात मुरत नाही, वर पसरतं, तड्यांत साचतं, तिथेच घट्ट होतं आणि पिवळं पडतं.

पणजोबांच्या हनुवटीवर आणि उजव्या गालावर असाच तपकिरी डाग होता. अतिनील उजेडात न चमकणारं दुसरं ठिकाण ते. चौकशी केल्यावर कळलं की पंचवीसएक वर्षांपूर्वी आज्जांनी तिथे जवसाचं तेल चोळलं होतं. चेहरा उजळावा म्हणून, प्रेमानं. व्हार्निश राळेचं असतं आणि खालचा रंग तेलाचा, त्यामुळे राळ विरघळवणारं पण तेलाला न दुखावणारं द्रावक शोधता येतं. तिथेही जपावं लागतं. राळ जितकी जुनी, तितकं तिला विरघळवायला जोरकस द्रावक लागतं. बोळ्यावर चित्रातला रंग उतरू लागला की त्याच क्षणी थांबायचं. पण तेलावर तेल घट्ट झालं असेल तर वरचा थर आणि खालचा गाल एकाच मालाचे. वरचा विरघळवणारं द्रावक गालही विरघळवतं.

तडे बुजण्याबद्दलही इथेच बोलतो, कारण सगळे तडे एका जातीचे नसतात. फेट्यावर आणि कपाळावर धारदार कडांचं बारीक जाळं आहे. ते वयाचे तडे. पावसाळ्यात सरस आणि कापड ओल घेतं, उन्हाळ्यात सुकतं. वर्षानुवर्षं हा ताण ठिसूळ रंगावर येतो आणि तो अस्तरापर्यंत चिरतो. कोटावरचे तडे वेगळेच आहेत. रुंद, गोलसर कडांचे, उन्हात फाटलेल्या चिखलासारखे, आणि त्यांच्या फटींतून खालचा काळा रंग दिसतो. हे वयानं आलेले नाहीत. चित्रकारानं आधी कोट काळा रंगवला असावा. हाडं जाळून केलेला काळा रंग तेल खूप घेतो आणि सावकाश वाळतो. तो पुरता वाळण्याआधीच त्यावर अंबर नावाच्या रंगीत मातीचा तपकिरी थर दिला गेला. अंबरमध्ये मँगनीज असतं, ते तेलाला लवकर वाळवतं. वरचा थर आधी घट्ट होऊन आक्रसला, खालचा अजून मऊ होता, म्हणून वरचा फाटला. हे चित्र पूर्ण झाल्यावर थोड्याच काळात घडलं असणार. असा तडा तेलानं भरला तर फक्त तेलानं भरलेला तडा मिळतो.

आणि काही काळेपणा काढण्याजोगा नसतोच. भज्यांखालचा वर्तमानपत्राचा कागद तेल लागताच आरपार दिसू लागतो. रंगातलं तेलही जुनं होताना प्रकाशाला अधिक वाकवू लागतं, पांढऱ्या पुडीच्या अधिक जवळ येतं, आणि पातळ दिलेला रंग थोडा पारदर्शक होतो. शिशाचा पांढरा असेल तर तेलातली आम्लं आणि शिसं मिळून चक्क साबण तयार होतो, त्यानंही पारदर्शकता वाढते. पणजोबांच्या खांद्यामागची सावली मी साफ केली तरी गडदच राहिली, कारण चित्रकारानं तिथे पातळ रंगाखाली तपकिरी थर दिला होता आणि तो आता वर डोकावतो आहे. तिथे घासत राहिलो असतो तर चित्रच निघालं असतं.

राहिली अंधारी खोली. जवसाचं तेल अंधारातच जास्त पिवळं पडतं. मघाच्या जवसाच्या काचेसारख्या दोन काचा करा, एक कपाटात ठेवा, दुसरी खिडकीजवळ. काही महिन्यांनी कपाटातली अधिक पिवळी दिसेल, आणि ती उजेडात आणली की पिवळेपणा बराचसा उतरेल. याचा अर्थ चित्र उन्हात ठेवा असा मुळीच नाही. ऊन लाखेसारखे नाजूक लाल रंग उडवतं आणि कापड तापवतं. दिवसाचा सौम्य, आडून येणारा उजेड पुरे. शिवाय आपल्याकडची अंधारी खोली म्हणजे बहुतेकदा दमट खोली.

काकींना मी एवढंच सांगितलं: पापुद्रे सुटलेले दिसले तर कोरडा ब्रशही फिरवायचा नाही, फोटो काढून दाखवायचं. पावसाच्या बाजूच्या भिंतीवर आणि देवघराजवळ चित्र टांगायचं नाही. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे भिंत आणि कापडाच्या मधून हवा खेळते.

काजळी आणि व्हार्निश उतरलं. सुटलेले पापुद्रे चिकटवले. गळालेल्या तीन जागा भरून तेवढ्यापुरताच रंग लावला, तोही पुढे कुणाला काढता येईल असा. हनुवटीवरचा तेलाचा डाग मात्र तसाच आहे. चित्र आता सोप्यात, खिडकीच्या समोरच्या नव्हे तर आडव्या भिंतीवर आहे, आणि पणजोबांच्या मागची पार्श्वभूमी निळसर राखाडी दिसते.