लिडलचे 50 कोटी युरो आणि आपलं आवक रजिस्टर

«ईआरपी म्हणजे पांढरा हत्ती. जर्मनीच्या लिडलचे 50 कोटी युरो त्यात बुडाले, आपली काय कथा! एक्सेल फुकट आहे, त्यात सगळं होतं. सॉफ्टवेअर आलं की जुनी माणसं सोडून जातात. तरी घ्यायचंच असेल तर आपली रजिस्टरं जशी आहेत तशीच्या तशी त्यात बनवून घ्या. — हे खरं का रे? कोटेशन टेबलावर पडलंय. सही करू की परत पाठवू?»

अण्णा, चार ग्रुप फिरून आलेला निरोप तुम्ही कोटेशनवर ठेवून वाचलात, इथंच माझं डोकं फिरलं. कारण निरोपातलं लिडलचं वाक्य आणि शेवटचं वाक्य एकमेकांचा गळा धरतात, आणि पुढं ढकलणाऱ्या एकालाही ते दिसलेलं नाही.

लिडल या जर्मन सुपरमार्केट साखळीची गोष्ट खरी आहे, ते नाकारत नाही. 2011 साली ईआरपीचं, म्हणजे खरेदी, माल आणि हिशेब एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणायचं, काम सुरू झालं, जुलै 2018 मध्ये थांबवलं, आणि हँडल्सब्लाट या जर्मन दैनिकानं खर्चाचा आकडा 50 कोटी युरोच्या आसपास दिला. पण पैसे बुडाले कशानं? लिडल आपल्या मालाची किंमत खरेदीच्या दरानं धरत असे, सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्रीच्या दरावर होती. कंपनीनं आपली पद्धत सोडली नाही, सॉफ्टवेअर आपल्यासारखं वाकवायला सांगितलं. एक जागा वाकवली की तिला जोडलेल्या दहा जागा वाकवाव्या लागतात. शेवटी सगळं सोडून ते जुन्या प्रणालीवर परत गेले. एवढ्या मोठ्या गोष्टीला हे एकच कारण होतं असं कोणी म्हणणार नाही, पण बातम्यांत ठळकपणे आलं ते हेच.

आता निरोपाचं शेवटचं वाक्य परत वाचा. «जशीच्या तशी बनवून घ्या.» लिडल ज्यात अडकलं, तेच करायचा सल्ला लिडलचं नाव घेऊन दिलाय.

ग्राहकाचं कास्टिंग मशिनिंग करून परत देणाऱ्या आपल्यासारख्या जॉबवर्कच्या शॉपमध्ये त्याचा अर्थ काय होतो ते एका लॉटवर बघू. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे घालून बघा. आवक रजिस्टरला रकाने आहेत: चलन नंबर, पार्ट, आवक, तयार, सीआर, एमआर, शिल्लक आणि शेरा. सीआर म्हणजे कास्टिंगच्या दोषानं बाद, एमआर म्हणजे मशिनिंगमध्ये बाद. चलन 1187 वर बेअरिंग हाउसिंगचे 500 नग लिहून आले. गाडी उतरवताना मोजले तर 498 भरले, पण रजिस्टरला 500 चढले, कारण चलनावर तसं छापलंय आणि ड्रायव्हर घाईत होता. पुढं मशिनिंगमध्ये ब्लोहोल निघून 12 सीआर झाले, आपल्या हातून बोअर मोठं होऊन 7 एमआर झाले, आणि 476 ओके होऊन गेले. बेरीज 495 होते. ग्राहकाच्या हिशेबात 5 नग कमी, म्हणून 5 नगांची डेबिट नोट.

ते 5 कुठे गेले? 2 आलेच नव्हते. 3 नग व्हीएमसी मशिनवर सेटिंग करताना गेले. पहिला पीस, दुसरा पीस, ऑफसेट चुकला, टाका बाजूला. सेटिंग पीसला रजिस्टरमध्ये रकानाच नाही. फार तर शेऱ्यात पेन्सिलीनं «3 सेटिंग» लिहिलेलं सापडेल, तेही आबा स्टोअरकीपर हजर असतील तर.

8 किलोचं कास्टिंग आणि 110 रुपये किलो धरलं तर एक नग 880 रुपयांचा. 5 नगांचे 4,400. महिन्याला असे 3 लॉट आणि दर लॉटमागे हीच तूट धरली तर वर्षाचे 1,58,400 रुपये. प्रत्येक लॉटला 5 कमी पडतीलच असं नाही. म्हणूनच माझा आकडा सोडा आणि गेल्या वर्षीच्या डेबिट नोटांची फाइल काढा. त्यातल्या फक्त नग कमी पडल्याच्या नोटांची बेरीज करा. कोटेशनच्या शेजारी ठेवायचा खरा आकडा तो आहे.

आता हेच रजिस्टर «जसंच्या तसं» पडद्यावर आणलं, तर «शिल्लक» ही हातानं भरायची चौकट राहते आणि «शेरा» ही गप्पा लिहायची जागा राहते. पैसे देऊन काचेवर वही घेतली, एवढंच.

ईआरपीत शिल्लक लिहायची नसते, ती हालचालींतून निघते. शेऱ्यात जी जी गोष्ट दडते, ती एक हालचाल असते आणि तिला जागा हवी. म्हणून आपल्याला नवा फॉर्म बनवून घ्यायचा नाही, गोदामं पाडायची आहेत: आवक, मशिन शॉप, सीआर, एमआर, सेटिंग, तयार. भिंती लागत नाहीत, नावं लागतात. 500 चं चलन, मोजलेले 498, त्यामुळं आवक 498 चीच आणि 2 नगांची तूट त्याच दिवशी ग्राहकाला लेखी. बॅच नंबर म्हणून ग्राहकाचा चलन नंबर टाकायचा, म्हणजे 1187 चा प्रत्येक नग शेवटपर्यंत 1187 चाच राहतो. माल ग्राहकाचा असल्यानं त्याची किंमत आपल्या स्टॉकमध्ये धरायची नाही. ईआरपीनेक्स्ट या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी आयटमवर Is Customer Provided Item अशी टिकमार्क आहे. हे सगळं मूळ सॉफ्टवेअरमध्ये आहे. कोणाकडून बनवून घ्यायचं नाही.

यातून वर्षाला काय वाचेल? 2 नगांचे, म्हणजे धरलेल्या हिशेबानं 63,360 रुपये, वादाशिवाय सुटतात, कारण तूट उतरवतानाच नोंदली. उरलेले 95,040 आपल्याच सेटिंगचे. ते सॉफ्टवेअर परत आणणार नाही, फक्त कुठल्या मशिनवर आणि कुठल्या पार्टवर जातात ते दाखवेल. विकणारा याहून जास्त सांगत असेल तर ऐकून सोडून द्या.

बॅचचा दुसरा उपयोग जीएसटीचा. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षात परत आला नाही, तर सीजीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे तो पाठवलेल्या दिवशीच विकला असं धरलं जातं आणि कर मूळ मालकावर, म्हणजे आपल्या ग्राहकावर बसतो. आयटीसी-04 हा फॉर्मही त्यालाच भरायचा असतो, आणि त्यात परत आलेला माल कुठल्या मूळ चलनाचा हे लागतं. वर्षाची उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर सहामाही, नसेल तर वर्षातून एकदा. म्हणून ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये त्यांच्या अकाउंट्सवाल्याचे फोन सुरू होतात आणि आपला पोरगा दोन दिवस चलनबुकं चाळत बसतो.

«एक्सेल फुकट» यावर फार बोलण्यासारखं नाही. लायसन्सचे पैसे लागतातच, पण ते जाऊ द्या. एक्सेलला BH-204, BH 204 आणि शेवटी एक स्पेस पडलेला BH-204 हे तीन वेगळे पार्ट वाटतात. 00451 टाकलं की 451 होतं, 3-12 टाकलं की तारीख होते. VLOOKUP बिचारा काय शोधणार? मात्र एक मान्य करतो, जड मनानं: एक ग्राहक आणि पाच-सहा पार्ट असतील तर ईआरपी घेऊच नये. नंबर छापलेलं चलनबुक आणि दर शनिवारी मोजणी एवढ्यावर भागतं. आपल्याकडं चार ग्राहक आणि शंभराच्या वर पार्ट आहेत, म्हणून हा प्रश्न आला.

जुनी माणसं जातात हेही अर्धंच. आबांना टायपिंगला बसवलं तर ते जातील, त्यात काय नवल? त्यांनी चिठ्ठी लिहायची पूर्वीसारखीच, आणि एकानं ती त्याच पाळीत चढवायची. दुसऱ्या दिवसावर गेली की घोळ सुरू, तो कसा ते शेवटी सांगतो.

कोटेशनचं म्हणाल तर ते तीन ढिगांत वेगळं लिहून मागा: लायसन्स, बसवणं-शिकवणं, आणि «कस्टम डेव्हलपमेंट». ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहे, त्याला लायसन्सची रक्कम नसते. पैसे सर्व्हरच्या भाड्याला आणि बसवणाऱ्याच्या दिवसांना जातात. तिसऱ्या ढिगावर सरळ रेघ मारा, सहा महिने वापरून बघितल्यावर काय अडतं ते कळेल. टॅलीला हात लावू नका. बिलं आणि ई-इनव्हॉइस पहिलं वर्ष टॅलीतूनच, ईआरपीत फक्त आवक, हालचाल आणि जावक चलन. तेच बिल दोन्हीकडं करायला लागलात तर महिन्यात दोन्हीकडचे आकडे वेगळे दिसतील. पैसे टप्प्यानं द्या: पार्टची यादी साफ होऊन चढली की एक भाग, पहिली मोजणी जुळली की दुसरा. आणि सगळा डेटा आपल्याला CSV मध्ये कधीही काढून मिळेल हे वाक्य करारात लिहून घ्या.

सुरुवात मार्चअखेरीला करू नका, तेव्हा डिस्पॅचचीच मारामार असते. एखाद्या महिन्याची पहिली तारीख धरा, आदल्या रविवारी मशिनं बंद ठेवून चलनवार मोजणी करा. ज्या नगांचं चलन लागत नाही ते वेगळ्या गोदामात टाका, अंदाजानं कुठल्याही चलनाला चिकटवू नका. रजिस्टर दोन महिने समांतर चालू द्या, पण बंद करायची तारीख आधीच भिंतीवर लावा. नाहीतर सगळे वहीलाच खरं धरतात आणि पडद्यावर कसंही चढवतात.

आता तो घोळ. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी गाडी भरून उभी असेल आणि चलन निघणार नाही, कारण मशिन शॉपची चिठ्ठी चढलेलीच नाही आणि «तयार» गोदामात शिल्लक शून्य दिसते. तेव्हा कोणीतरी बसवणाऱ्याला फोन लावेल आणि तो Stock Settings मध्ये जाऊन Allow Negative Stock वर टिक करून देईल. गाडी सुटेल. पण त्या दिवसापासून नसलेला मालही पाठवता येतो, शिल्लक उणे जाते, आणि चार महिन्यांनी तुम्ही मला म्हणाल की निरोप खरा होता. ती टिक बदलायचा अधिकार फक्त तुमच्या लॉगिनला ठेवा. गाडी अर्धा तास थांबू दे, चिठ्ठी चढवा, मग चलन काढा.