खुलासा: काउंटरवरचा क्यूआर ‘जुना’ होत नाही

“दुकानाचा क्यूआर दर बिलाला बदलतो, काउंटरवर चिकटवलेला जुना कोड स्कॅन केलात तर पैसे भलत्याच्याच खात्यात जातील!”

म्हापशाच्या बाजारात फिरणारा हा मेसेज दोन वेगळ्या कोडची सरमिसळ करतो. चिकटवलेल्या कोडमध्ये दुकानाचा यूपीआय पत्ता आणि नाव असतं, रक्कम नसते. ती आपण टाकतो. म्हणून तोच कोड वर्षभरही चालतो. बिलिंग मशीनवर उमटणाऱ्या कोडमध्ये त्या बिलाची रक्कम आणि क्रमांकही असतो:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Dukan&am=340.00&tr=B1027
```

`am` म्हणजे रक्कम, `tr` म्हणजे बिलाची खूण. ३४० रुपये आपोआप भरून येतात आणि दुकानदाराला नेमकं कुठलं बिल फिटलं ते कळतं. मात्र हा कोड पुढच्या बिलाला वापरू नये.

धोका आहे तो चिकटवलेल्या कोडवर कुणी दुसराच स्टिकर लावण्याचा. पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव दुकानदाराला विचारून घ्या. तो मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका.