बोरमाळ कोणाची, पाटल्या कोणाच्या?

मागच्या महिन्यात माझ्याकडे दोन कुटुंबे एकत्र आली होती. एका शिक्षिकेचे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने निधन झाले. मूलबाळ नव्हते, मृत्युपत्रही नव्हते. आईवडील तिच्या आधीच गेलेले. मागे राहिले पती, सासूबाई, एक भाऊ, एक विवाहित बहीण आणि लॉकरमधले वीस तोळे सोने. नावे आणि गाव मी सांगणार नाही, परंतु हिशेब सांगतो, कारण वीस-बावीस वर्षांच्या वकिलीत हाच वाद मी कितीतरी घरांत पाहिला आहे आणि जवळजवळ प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंची समजूत चुकीची निघाली आहे.

सोन्याची विभागणी अशी होती. लग्नात माहेरने घातलेल्या पाच तोळ्यांच्या पाटल्या आणि तीन तोळ्यांची मोहनमाळ. सासरने घातलेले मंगळसूत्र आणि तोडे मिळून सहा तोळे. तिने स्वतःच्या पगारातून केलेल्या चार तोळ्यांच्या बांगड्या. आणि आईच्या मृत्यूनंतर वाटणीत तिच्या वाट्याला आलेली दोन तोळ्यांची बोरमाळ. भावाचे म्हणणे असे की माहेरचे ते माहेरी परत यावे. सासूबाईंचे म्हणणे असे की सुनेच्या अंगावर आम्ही घातलेले आमच्या घरात राहावे. म्हणजे दोघांचाही प्रश्न एकच होता : दागिना दिला कोणी?

कायदा हा प्रश्न सहसा विचारत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 14 प्रमाणे स्त्रीला लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर भेट म्हणून मिळालेली वस्तू तिच्या पूर्ण मालकीची होते, मग ती वडिलांनी दिलेली असो वा सासऱ्यांनी. दिल्यानंतर देणाऱ्याचा हक्क संपतो. ‘घराण्याचे दागिने फक्त वापरायला दिले होते’ असे सासरला म्हणायचे असेल तर ते सिद्ध करावे लागते, आणि लग्नमंडपात सर्वांसमक्ष सुनेच्या गळ्यात घातलेल्या दागिन्याबाबत ते सिद्ध करणे सोपे नसते. (जावयाला घातलेली अंगठी आणि साखळी मात्र जावयाचीच. ती मागायला येणारेही भेटतात.)

मृत्यूनंतर कलम 15 लागू होते. मृत्युपत्र नसेल तर पहिला हक्क मुलगे, मुली आणि पती यांचा असतो आणि तो समान असतो. पती आणि दोन मुले असतील तर प्रत्येकी एक तृतीयांश. येथे ‘आईचे सोने लेकीचे’ ही आपल्याकडची घट्ट समजूत आड येते. ती निराधार नव्हती, कारण मिताक्षरेच्या जुन्या कायद्यात स्त्रीधनावर पहिला हक्क मुलींचा, त्यातही अविवाहित मुलीचा असे. 1956 नंतर मुलगा आणि मुलगी बरोबरीने आले, पण घराघरांतली समजूत मात्र जुन्याच कायद्यावर चालू राहिली. पतीने पुढे दुसरे लग्न केले तरी त्याचा वाटा जात नाही. मात्र मुलांचे वाटे त्याचे होत नाहीत. ते त्याने मुलांसाठीच सांभाळायचे असतात.

या घरात मुले नव्हती. त्यामुळे पाटल्या, मोहनमाळ, मंगळसूत्र, तोडे, बांगड्या असे अठरा तोळे एकट्या पतीचे झाले. पती हयात असताना सासूबाईंचा त्यात काडीचाही वाटा नाही, दिरा-नणंदांचाही नाही. हे ऐकून सासूबाईंचा चेहरा उतरला. भावाचा चेहरा मात्र बोरमाळेचा विषय निघाल्यावर खुलला.

कलम 15 मध्ये एक अपवाद आहे. स्त्रीला आई किंवा वडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता, तिला मूल किंवा मुलांची मुले नसतील, तर पतीकडे न जाता तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते. बोरमाळ आईच्या वारशातून आली होती, म्हणून ती भाऊ आणि बहीण यांची झाली, दोघांची निम्मी-निम्मी. पाटल्याही आईवडिलांनीच दिल्या होत्या, पण त्या भेट होत्या, वारसा नव्हे. कायद्यातील शब्द ‘वारशाने मिळालेली’ असा आहे. एकाच आईने दिलेले दोन दागिने, एक जिवंतपणी दिला आणि एक मरणानंतर मिळाला, एवढ्या फरकाने दोन वेगळ्या घरांत जातात. आणि हीच बोरमाळ मोडून, इतर सोन्यात मिसळून तिने बांगड्या घडवून घेतल्या असत्या, तर त्यातले आईचे सोने कोणते हे दाखवणे भावाला फार कठीण गेले असते.

माझा खरा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. पती तिच्या आधी गेला असता, तर हेच अठरा तोळे तिच्या सख्ख्या भावाकडे नव्हे, पतीच्या वारसांकडे गेले असते, म्हणजे प्रथम सासूबाईंकडे. स्त्रीचे स्वतःचे आईवडील या यादीत पतीच्या वारसांच्याही नंतर येतात. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात 1955 मध्ये लग्न झालेली मुलगी तीन महिन्यांतच विधवा झाली, सासरने तिला बाहेर काढले, माहेरच्यांनी शिकवले, तिने नोकरी केली आणि 1996 मध्ये ती वारली. तिची स्वकष्टार्जित पुंजी गेली ती पतीच्या वारसांकडे. न्यायालयाने सहानुभूती हा निकालाचा आधार होऊ शकत नाही असे म्हटले. कायद्याचा अर्थ म्हणून ते बरोबरच आहे. चूक कायद्यात आहे. 207 व्या अहवालात विधी आयोगाने या कलमात बदल सुचवून बरीच वर्षे झाली. पुरुषाच्या मालमत्तेला त्याच्या सासरची माणसे कधी वारस होत नाहीत, मग स्त्रीच्याच बाबतीत हे का, याचे पटेल असे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

एक परिस्थिती मात्र निराळी आहे. लग्नापासून सात वर्षांच्या आत स्त्रीचा अनैसर्गिक मृत्यू झाला, तर हुंडा प्रतिबंधक अधिनियम, 1961 च्या कलम 6 नुसार हुंडा म्हणून दिलेली मालमत्ता मुलांकडे, आणि मुले नसतील तर तिच्या आईवडिलांकडे जाते. त्याआधी सांगितलेले वारसाचे सर्व नियम हिंदू कायद्यापुरते झाले. मुस्लिम पतीला मुले असताना पत्नीच्या मालमत्तेचा एक चतुर्थांश आणि नसताना निम्मा हिस्सा मिळतो, तर गोव्यात हिशेबाची सुरुवातच वेगळी आहे.

वादाचे मूळ बहुधा पुराव्यात असते. लग्नातला फोटो दागिना अंगावर होता एवढेच सांगतो. सराफाची पावती वडिलांच्या नावे असते आणि तीवर नुसते ‘सोन्याचे दागिने’ असे लिहिलेले असते. लॉकर दोघांच्या नावे असला म्हणजे मागे राहिलेल्याला तो उघडता येतो, आतले सोने त्यामुळे त्याचे होत नाही, नामनिर्देशनाचेही तेच. मृत्युपत्राला मात्र मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तिची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. या शिक्षिकेला आजाराचे चौदा महिने मिळाले होते, पण तिच्यासमोर तो विषय काढायला कोणी धजावले नाही.

शेवटी बोरमाळ बहिणीने ठेवली आणि भावाला त्याच्या निम्म्याचे पैसे दिले. पतीने पाटल्या आपण होऊन मेव्हण्याच्या मुलीला देऊ केल्या. कागद करताना भाऊ म्हणाला, ‘वकीलसाहेब, पाटल्या परत मिळाल्या असे लिहा.’ मी ‘भेट दिल्या’ असे लिहिले, कारण त्या दिवशी त्या दाजींच्याच होत्या. भावाने सही केली, पण बराच वेळ पेन हातात धरून बसल्यानंतर.