‘वॉज’ने घालवलेला मार्क

“पॅसिव्ह करताना व्ही-थ्री आलं की त्याच्या आधी ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ लावायचं, शेवटी बाय, झालं काम. माझ्या मुलीने ‘द कारपेंटर हॅज रिपेअर्ड द टेबल’चं ‘द टेबल वॉज रिपेअर्ड बाय द कारपेंटर’ केलं. रिपेअर्ड हा भूतकाळच आहे आणि अर्थही तोच राहतो. तरी मार्क कापला!”

आधी व्ही-थ्रीचं बघू. त्याला स्वतःचा काळच नसतो. ‘द रूम इज क्लीन्ड एव्हरी डे’ ही रोजची गोष्ट, ‘द रूम विल बी क्लीन्ड टुमॉरो’ ही उद्याची. क्लीन्ड दोन्हीकडे तेच. रिपेअर्डमध्ये व्ही-टू आणि व्ही-थ्री सारखे दिसतात, म्हणून ही फसगत होते. काळ सांगतं ते त्याच्या आधीचं सहाय्यकारी क्रियापद, आणि मुलीने नेमकं तेच बदललं.

अर्थ तोच राहतो का, हे तपासायला दोन्ही वाक्यांना ‘यस्टरडे’ जोडून बघा. ‘वॉज रिपेअर्ड यस्टरडे’ चालतं, ‘हॅज रिपेअर्ड द टेबल यस्टरडे’ चालत नाही. हॅजचं वाक्य टेबलाची आजची स्थिती सांगतं: दुरुस्त झालंय, वापरा. वॉजचं वाक्य फक्त घडून गेलेलं सांगतं. टेबल त्यानंतर पुन्हा मोडलंही असेल. आपल्या कानाला हे खटकत नाही, कारण मराठीत ‘सुताराने कालच दुरुस्त केलंय’ असं आपण सर्रास म्हणतो. अमेरिकन बोलण्यातही हॅजच्या जागी साधा भूतकाळ बऱ्याचदा येतो, हे मान्य. पण प्रश्नात प्रयोग बदलायला सांगितला होता, काळ नव्हे.

आता बाय. तो कर्ता कोण ते सांगतो, काळाशी त्याचा संबंध नाही.

मग करायचं काय? मूळ वाक्यात मुख्य क्रियापद ज्या रूपात असेल, ते रूप ‘बी’ला द्यायचं आणि मुख्य क्रियापद व्ही-थ्रीमध्ये ठेवायचं. इथे हॅजनंतर रिपेअर्ड व्ही-थ्रीमध्ये आहे. ‘बी’चं व्ही-थ्री बीन. म्हणून ‘द टेबल हॅज बीन रिपेअर्ड बाय द कारपेंटर’. ‘इज रिपेअरिंग’ असतं तर आयएनजी ‘बी’कडे जाऊन ‘इज बीइंग रिपेअर्ड’ झालं असतं. टेबलं दोन असती तर हॅजचं हॅव झालं असतं, कारण कर्त्याच्या जागी आता टेबलं आली. तो वचनातला बदल, काळ जागचा हलत नाही.

वॉज कुठे बरोबर येतं, तेही मुलीला दाखवा. ‘ही कट द ट्री’ हे वाक्य द्या. कट तिन्ही रूपांत कटच, त्यामुळे मुलं हमखास ‘इज कट’ लिहितात. पण वर्तमानकाळ असता तर ‘ही’पुढे ‘कट्स’ आलं असतं. एस नाही, म्हणजे भूतकाळ: ‘द ट्री वॉज कट बाय हिम’.