चमचमत्या रेषा, मिनी-स्ट्रोक आणि एक फॉरवर्ड

"डोळ्यांसमोर चमचम किंवा वाकड्यातिकड्या रेषा दिसल्या की समजा मिनी-स्ट्रोक आला. लगेच ॲस्पिरिन चघळा. अर्ध्या तासात नजर पूर्ववत झाली तर धोका टळला. मागाहून डोकं दुखलं तर तो साधा मायग्रेन, घाबरू नका. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हे सध्या फिरतंय. एकेक वाक्य घेऊ.

पहिलं वाक्य जवळजवळ उलटं आहे. चमचमणाऱ्या रेषा ही बहुतेक वेळा मायग्रेनच्या 'ऑरा'ची, म्हणजे बहुधा डोकेदुखीच्या आधी येणाऱ्या तात्पुरत्या लक्षणांची, खूण असते. कॉलेज रोडवरच्या ३४ वर्षांच्या एका शिक्षिकेचं उदाहरण घ्या. सकाळी ११:१० वाजता पेपर तपासताना शब्दातलं एखादं अक्षर गायब होऊ लागलं. पाच-सात मिनिटांत तिथे लुकलुकणारी नागमोडी कड उमटली, मोठी होत होत डावीकडे सरकली. एकेक डोळा झाकून पाहिला तरी दिसतच होती, म्हणजे बिघाड डोळ्यात नव्हता, मेंदूच्या मागच्या दृष्टीकेंद्रात होता. ११:३५ ला रेघ कडेला जाऊन विरली. तोवर डाव्या बोटांना मुंग्या सुरू झाल्या होत्या, त्या दहा मिनिटांत हातावरून ओठापर्यंत चढल्या. बाराच्या सुमारास डोकं ठणकायला लागलं आणि मळमळलं.

यातला 'सरकणं' हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. ऑरामध्ये मेंदूच्या पृष्ठभागावरून एक विद्युत-लहर मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने पसरते, म्हणून रेघ हळूहळू वाढते आणि एक लक्षण ओसरताना दुसरं सुरू होतं. कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने स्वतःला दिसणाऱ्या आकृत्या काढून वेगाचा हाच हिशेब १९४१ मध्ये मांडला होता. प्रत्येक लक्षण साधारण ५ ते ६० मिनिटं टिकतं.

मिनी-स्ट्रोकमध्ये, म्हणजे टीआयएमध्ये, रक्तपुरवठाच अडतो. त्यामुळे सहसा नवीन काही दिसत नाही, असलेलं जातं. नजर काळी पडते, हात लुळा पडतो, शब्द फुटत नाही, आणि हे काही सेकंदांत, बहुधा एकाच वेळी होतं.

आता तिसरं वाक्य, कारण सगळ्यांत घातक तेच. दिंडोरीकडचे ६६ वर्षांचे एक द्राक्षबागायतदार काका धरा, बीपी आणि मधुमेह दोन्ही असलेले. बागेत उभे असताना उजव्या डोळ्यावर वरून पडदा उतरल्यासारखं झालं. उजवा डोळा झाकला की सगळं स्वच्छ, डावा झाकला की अंधार. दुखणं काही नाही. सहा मिनिटांत सगळं ठीक. घरचे म्हणणार, "उन्हाने झालं असेल, काका." पण मानेतल्या रक्तवाहिनीतून निसटलेली गुठळी डोळ्याच्या पडद्यापर्यंत गेली, की नेमकं असंच होतं. शिक्षिकेचा त्रास काकांपेक्षा कितीतरी जास्त वेळ चालला, तरी धोका काकांना जास्त. टीआयएनंतर खऱ्या स्ट्रोकची भीती पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असते. त्यामुळे नजर परत आली तरी त्याच दिवशी मानेचा डॉप्लर, ईसीजी आणि मेंदूचा स्कॅन व्हायला हवा. नुसत्या घड्याळावरून निदान होत नाही. ऑरा आणि टीआयए दोन्ही वीस मिनिटांत आटपू शकतात. सुरुवात कशी झाली, ते आधी विचारायचं.

ॲस्पिरिनचं काय? टीआयएनंतर डॉक्टर ती देतात, हे खरं. पण लक्षणं चालू असताना गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय सांगता येत नाही, आणि रक्तस्रावात ॲस्पिरिन नुकसान करते. शिवाय ती मायग्रेनच्या वेदनेवरही चालते. गोळीने बरं वाटलं, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

डोकेदुखीचा दाखलाही तितकाच कच्चा. पन्नाशीनंतर ऑरा पुष्कळदा डोकेदुखीविनाच येतो. उलट मानेतल्या धमनीचं अस्तर फाटून स्ट्रोक होतो, तेव्हा मान आणि डोकं दोन्ही दुखतात.

वर्षानुवर्षं त्याच ठरलेल्या क्रमाने येणारा ऑरा असेल तर दर वेळी धावपळ नको. पण ऑरा आयुष्यात पहिल्यांदाच, तोही पन्नाशीनंतर आला, एका तासापेक्षा जास्त टिकला किंवा नेहमीपेक्षा वेगळा वाटला, तर त्याच दिवशी तपासणी हवी. एकाच डोळ्याची नजर गेली, तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं किंवा बोलणं अडखळलं, तर १०८ लावा आणि लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि डॉक्टर पहिल्यांदा तीच वेळ विचारतात.

आणखी एक, जे त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. ऑरा येणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना ऑराबद्दल सांगायला हवं, कारण या दोन्हींमुळे मिळून स्ट्रोकचा धोका वाढतो. आधीच घेत असेल, तर पर्यायी साधनाबद्दल विचारावं.