बेडरूम शांत करायचीय? डिफ्युझर सगळ्यात शेवटी घ्या

गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणींनी मला एकच विचारलं, की संध्याकाळी बेडरूममध्ये शांत वाटावं म्हणून डिफ्युझरमध्ये, म्हणजे खोलीत सुगंध पसरवणाऱ्या यंत्रात, घालायला कुठलं सुगंधी तेल घेऊ, लॅव्हेंडर की चंदन. मी प्रत्येकीला उलट विचारलं, रात्री नऊ वाजता तुझ्या खोलीत कुठला दिवा चालू असतो? सगळ्यांचं उत्तर एकच, छतावरची पांढरी ट्यूब. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, कारण मी स्वतः हे सगळं उलट्या क्रमाने केलं होतं, आधी सुगंध मग आवाज आणि प्रकाश सगळ्यात शेवटी, आणि फरक पडला तो प्रकाश बदलल्यावर.

आपल्या डोळ्यांच्या मागच्या पडद्यात बघण्यासाठीच्या पेशींशिवाय आणखी थोड्या वेगळ्या पेशी असतात, त्या चित्र दाखवण्यापेक्षा बाहेर उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवण्याचं काम जास्त करतात. त्यांना सगळ्यात जास्त जाणवतो तो निळसर प्रकाश, साधारण ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा. आणि पांढऱ्याशुभ्र ट्यूबमध्ये (खोक्यावर 6500K लिहिलेलं असतं) तो भरपूर असतो. म्हणजे तुम्ही पलंगावर पडून कितीही शांत गाणी लावा, मेंदूला निरोप जातोय की अजून दिवस आहे, आणि मेलाटोनिन नावाचं जे रात्रीचं हार्मोन आहे ते वर यायला उशीर होतो. २०११ साली ११६ निरोगी माणसांवर झालेला एक अभ्यास आहे, त्यात झोपायच्या आधीचा वेळ घरातल्या नेहमीच्या उजेडात घालवला तर अगदी मंद उजेडाच्या तुलनेत मेलाटोनिन शरीरात राहण्याचा काळ साधारण दीड तासाने कमी झालेला दिसला. नेहमीचा उजेड म्हणजे २०० लक्सच्याही आतला बरं का, फोकस वगैरे काही नाही. लक्स म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतोय ते मोजायचं माप.

आता माझी चूक सांगते कारण ती बहुतेक सगळे करतात. मी वाचलं की पिवळा दिवा चांगला, म्हणून ट्यूब बंद करून त्याच छतावर पिवळा बल्ब लावला, 2700K, पण १२ वॅटचा. खोली छान सोनेरी दिसायला लागली आणि मी खूश झाले, पण झोप होती तशीच. मग फोनमध्ये लक्स मोजायचं अ‍ॅप घेतलं, उशीवर डोकं जिथे येतं तिथे फोन ठेवला, सेन्सर वर करून. ट्यूबला १४० च्या आसपास आकडा आला होता आणि या पिवळ्या बल्बला ११०. म्हणजे रंग बदलला पण डोळ्यात जाणारा उजेड जवळजवळ तेवढाच! तेवढ्याच लक्सला पिवळ्या प्रकाशाचा त्या घड्याळावरचा परिणाम पांढऱ्याच्या साधारण निम्मा असतो हे खरं, पण निम्मा करूनही तो जास्तच राहिला. (फोनचे आकडे अचूक नसतात, पण एकाच फोनवर आधी आणि नंतर असं बघायला पुरतात.)

शास्त्रज्ञांच्या एका गटाने २०२२ मध्ये एकत्र येऊन जी शिफारस केली, ती म्हणजे झोपेच्या आधीचे तीन तास डोळ्यापाशी हा 'घड्याळाला जाणवणारा' उजेड १० लक्सच्या आत ठेवा, आणि झोपेत १ च्या आत. पिवळा दिवा असेल तर फोनवर २० च्या आसपासचा आकडा चालेल असं ढोबळमानाने धरा. ११० वरून तिथे यायला मी काय केलं, तर छतावरचा दिवा संध्याकाळी लावणंच बंद केलं. पलंगाच्या बाजूला जमिनीपासून फूटभर उंचीवर एक छोटा लॅम्प ठेवला, ४ वॅटचा 2700K बल्ब, वर कापडी शेड, आणि लॅम्पचं तोंड भिंतीकडे. म्हणजे बल्ब कुठूनच थेट दिसत नाही, भिंतीवरून परत आलेला उजेड तेवढा मिळतो. उशीवर आकडा आला ८.

उंचीचा मुद्दा सजावटीचा नाही. वरून येणारा उजेड डोळ्याच्या पडद्याच्या खालच्या भागावर पडतो आणि घड्याळाच्या बाबतीत तो भाग जास्त संवेदनशील असतो, त्यामुळे तेवढाच उजेड छतावरून आला तर जास्त जागं करतो आणि खालून आला तर कमी. म्हणून लॅम्प घेताना शेड किती सुंदर आहे यापेक्षा पलंगावर आडवं पडून बघा, बल्ब डोळ्यांना दिसतोय का. दिसत असेल तर जागा बदला.

डिमर लावणार असाल तर बल्बवर dimmable लिहिलेलं आहे का ते बघूनच घ्या, नाहीतर साधा एलईडी डिमरवर कमी केला की लुकलुकतो. डोळ्याला कधीकधी ते कळतही नाही, पण डोकं जड होतं. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये दिव्याचा व्हिडिओ काढा, उजेड धडधडल्यासारखा दिसला तर तो बल्ब बेडरूममध्ये नको.

आणि एक गोष्ट जी मला फार उशिरा सुचली. दोन तास मंद उजेडात बसायचं आणि झोपायच्या पाच मिनिटं आधी दात घासायला बाथरूममध्ये जाऊन आरशावरचा लख्ख दिवा चेहऱ्यावर घ्यायचा. सगळं केलेलं पाण्यात. आता मी दात नऊच्या आधीच घासते आणि रात्री उठावं लागलं तर पॅसेजमध्ये जमिनीलगत एक अगदी मिणमिणता दिवा आहे, त्यावर काम होतं.

आवाजाकडे येते. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे, जाग येते ती आवाज मोठा असल्यामुळे कमी आणि आवाज अचानक बदलल्यामुळे जास्त. माझ्या ताईच्या खोलीत उजेड आधीपासूनच मंद होता, तिचा त्रास वेगळाच, भिंतीपलीकडे लिफ्ट. लिफ्ट थांबताना जो खटका होतो तो शांत खोलीत एकदम टोचतो. तिने पावसाच्या आवाजाचं एक रेकॉर्डिंग लावलं, आणि त्यात मधूनमधून गडगडाट, शिवाय दर काही सेकंदांनी तेच रेकॉर्डिंग पुन्हा सुरू होताना बारीकसा खंड. दुसऱ्या रात्रीपासून ती त्या खंडाची वाट बघत पडून राहायला लागली. मी तिला म्हटलं ताई, हे बंद कर आणि एकसुरी काहीतरी लाव.

एकसुरीमध्ये पण प्रकार आहेत. व्हाइट नॉइज म्हणजे सगळ्या पट्ट्यांतला सारख्या ताकदीचा आवाज, तो कानाला सीऽऽ असा चिरका लागतो. पिंक नॉइजमध्ये वरच्या पट्ट्या हळूहळू कमी होत जातात, तो जोरदार सरसर पावसासारखा. ब्राउन नॉइजमध्ये त्या आणखी झपाट्याने कमी होतात, लांबच्या धबधब्यासारखा खोल घुमणारा. लिफ्ट, गाड्या, कंप्रेसर अशा जाड आवाजांवर ब्राउन किंवा पिंक बरा, आणि पलीकडच्या खोलीतल्या बोलण्यावर पिंक, कारण झाकायचा आवाज ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत आपला आवाज असावा लागतो. ताईने ब्राउन लावला आणि स्पीकर उशाशी न ठेवता लिफ्टच्या भिंतीपाशी ठेवला, हे महत्त्वाचं, म्हणजे कानाला दोन्ही आवाज एकाच दिशेने येतात आणि आवाज फार वाढवायची गरजच पडत नाही.

किती मोठा ठेवायचा? शून्यापासून सुरू करून हळूहळू वाढवा आणि खटक्याची धार बोथट झाली की थांबा. खटका पूर्ण नाहीसा करायला गेलात तर तुम्हीच नवीन गोंगाट तयार कराल. खोलीतल्या दोघांना हळू आवाजात सहज बोलता आलं पाहिजे. लहान बाळ असेल तर स्पीकर पाळण्यापासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आणि टायमर लावून फाटकन बंद होईल असं करू नका, ती शांतता हासुद्धा अचानक झालेला बदलच. एकतर रात्रभर चालू द्या नाहीतर हळूहळू विरत जाणारा पर्याय निवडा. पंख्याची घरघर ज्यांना पुरते त्यांनी काही विकत घ्यायची गरज नाही. शब्द असलेली गाणी मात्र मी झोपताना टाळते, मन शब्दांमागे जातंच.

आता सुगंध, ज्याच्यापासून सगळे सुरुवात करतात. लॅव्हेंडरवर बरेच छोटे अभ्यास झालेत आणि काहींमध्ये फायदा दिसतो, पण वास लपवून ठेवता येत नाही, ज्याला दिलाय त्याला कळतंच, त्यामुळे तेलाचा गुण किती आणि मनाची अपेक्षा किती हे वेगळं काढणं अवघड. मी सुगंध खूण म्हणून वापरते. रोज एकच वास, रोज त्याच वेळी, दिवसभरात दुसरीकडे कुठेही नाही. वास आणि आठवण यांचं मेंदूत फार जवळचं नातं आहे, त्यामुळे काही आठवड्यांनी तो वास आला की शरीराला कळतं आता आवरायचं. म्हणून लॅव्हेंडरच हवं असं नाही, ज्या वासाशी तुमची वाईट आठवण नाही असा कुठलाही मऊ वास चालेल.

प्रमाण मात्र फार कमी. सुरुवातीला मी डिफ्युझरमध्ये आठ-दहा थेंब टाकायचे, दहा-पंधरा मिनिटांत वास येईनासा व्हायचा म्हणून परत दोन टाकायचे, आणि सकाळी डोकं दुखायचं. वास कुठेच गेलेला नसायचा, नाक सरावलेलं असायचं. एकदा नवरा बाहेरून आत आला आणि दारातच थांबून म्हणाला, अगं खिडकी उघड आधी. तेव्हापासून १०० मिली पाण्याला तीन थेंब, वीस मिनिटं, दार उघडं, आणि झोपायच्या आधी बंद. किंवा नुसते दोन थेंब टिश्यूवर टाकून हातभर लांब ठेवायचे. उशीवर किंवा कातडीवर निव्वळ तेल नको. रात्रभर चालू ठेवण्यात तर काहीच अर्थ नाही, २००४ मधल्या एका प्रयोगात झोपलेल्या माणसांना पुदिन्याचा आणि एका अत्यंत घाणेरड्या रसायनाचा वास दिला होता, आणि गाढ झोपेत त्याने जाग येत नव्हती. झोपेत नाक जवळजवळ रजेवर असतं (म्हणूनच धुराला आवाज करणारा अलार्म लागतो, नाकाच्या भरवशावर राहता येत नाही).

बंद खोलीत मेणबत्ती किंवा धूर करणारं काहीही पेटवू नका, शांततेसाठी म्हणून फुप्फुसात काजळी कशाला. घरात कुणाला दमा असेल तर सुगंध सोडूनच द्या, दिवा आणि आवाज यावर भागतं. मांजर असेल तर तेलं तिच्यापासून लांब, टी ट्री तर घरातच नको, मांजराच्या यकृताला ही तेलं नीट पचवता येत नाहीत.

आणि बाटली उघडाल त्या दिवशी तिच्यावर मार्करने तारीख लिहा. लॅव्हेंडरमधलं लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य हवेशी संबंध आला की हळूहळू बदलतं आणि त्या बदललेल्या तेलाची कातडीला अ‍ॅलर्जी येऊ शकते, म्हणून झाकण घट्ट, जागा थंड आणि अंधारी, आणि वासात उग्र किंवा कुबट झाक आली की टाकून द्या. माझी मागची अर्धी बाटली मी अशीच टाकली, जीवावर आलं होतं, पण नाकाने सांगितलं ते ऐकलं.