रिकामी 400 केव्ही लाइन आणि शंट रिॲक्टर

“लाइन जितकी लांब, तितकं टोकाला व्होल्टेज पडणार. रात्री लोड नसताना थोडं चढलंच तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलायचा. शंट रिॲक्टर नुसती वीज खातो. आणि एवढीच भीती असेल तर लाइनचं सगळं चार्जिंग भरून निघेल एवढा मोठा लावा.”

असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं. पण व्होल्टेज पडतं ते लाइन भरून वाहत असताना. ट्विन मूस कंडक्टरची आपली नेहमीची 400 केव्ही लाइन साधारण 515 मेगावॅटच्या खाली आली की तिचं कॅपॅसिटन्स वरचढ होतं. मग चार्जिंग करंट व्होल्टेजच्या 90 अंश पुढे असतो. हा करंट लाइनच्या इंडक्टन्समधून गेला की ड्रॉप उलटा पडतो, म्हणजे टोकाचं व्होल्टेज वाढतं. यालाच फेरँटी परिणाम म्हणतात.

400 किलोमीटरची लाइन घेऊ. दर किलोमीटरला रिॲक्टन्स 0.332 ओहम आणि ससेप्टन्स 3.46 मायक्रोसीमेन्स धरलं, तर सगळ्या लाइनचा कोन साडेचोवीस अंश येतो. टोक उघडं असेल तर:

```
V2 = V1 / cos(24.56°) = 1.10 × V1
```

इकडे 400 केव्ही, तर तिकडे 440. परवानगी 420 पर्यंतच आहे. लांबी निम्मी केली तर वाढ अडीच टक्क्यांच्या आसपास उरते, कारण ती ढोबळमानाने लांबीच्या वर्गाने चालते.

हे गणित पाठवणारी बस पक्की धरून केलं आहे. ती कमजोर असली, समजा फॉल्ट लेव्हल 5000 एमव्हीए असली, तर लाइनचे सुमारे 236 एमव्हीएआर, म्हणजे चार्जिंगची रिॲक्टिव्ह पॉवर, सोर्सच्या रिॲक्टन्समधून जाताना ती बसही उचलतात. 400 ची बस 420 होते आणि टोक 461 वर जातं. म्हणजे 115 टक्के. ओव्हरव्होल्टेज रिलेची पहिली पायरी बहुधा 110 टक्के आणि 5 सेकंद अशी लावलेली असते, त्यामुळे लाइन चार्ज केल्यावर काही सेकंदांत ती ट्रिप होते. ब्रेकरचा दोष शोधण्याआधी हा आकडा तपासावा.

टॅपचा उपाय इथे लागूच पडत नाही. टोकाचा ब्रेकर उघडा असताना ट्रान्सफॉर्मर त्या लाइनवर नसतोच. जोडलेला असला तरी टॅप बदलून मुख्यतः 220 केव्हीची बाजू सावरते. 400 च्या बाजूला जमा झालेले एमव्हीएआर शोषायला काहीतरी लागतंच, आणि शंट रिॲक्टर तेच काम करतो. पावसाळ्यात शेतीपंप बंद झाले की नेमकी हीच अडचण येते.

आता दोन्ही टोकांना 80 एमव्हीएआरचे (420 केव्ही रेटिंगचे) रिॲक्टर लावू. प्रत्येकाचा रिॲक्टन्स 2205 ओहम. त्याच कमजोर सोर्सवर पाठवणारी बस 407 आणि टोक 420 येतं, म्हणजे अगदी मर्यादेवर. फक्त टोकाला एकच लावला असता तर टोक 426 वर राहिलं असतं. म्हणून पाठवणाऱ्या टोकाचाही हवा. चार्ज करण्याआधी बस 390 ला आणली तर टोक 410 वर येतं. रिॲक्टर असले तरी ही पायरी गाळू नये.

“वीज खातो” हे एमव्हीएआर आणि मेगावॅट यांची गल्लत केल्यामुळे म्हटलं जातं. अशा रिॲक्टरचा खरा लॉस रेटिंगच्या 0.2 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 80 चा असेल तर दीडशे-एकशे साठ किलोवॅट. तक्रारीत तथ्य एवढंच आहे की लाइनला कायम जोडलेला रिॲक्टर भर लोडच्या वेळीही एमव्हीएआर ओढतो आणि तेव्हा व्होल्टेज आणखी खाली खेचतो. म्हणून सगळी भरपाई लाइनवर न लावता काही भाग बस रिॲक्टरला द्यावा, जो ब्रेकरने काढता-घालता येतो.

राहिला “मोठाच लावा” हा सल्ला. सगळ्यांत धोकादायक तोच आहे. आपल्या उदाहरणात सगळी लाइन 400 केव्हीला धरली तर चार्जिंग सुमारे 221 एमव्हीएआर आणि दोन रिॲक्टर मिळून 145, म्हणजे भरपाई 66 टक्के. लाइन चार्ज करताना ब्रेकर व्होल्टेजच्या शून्यावर मिटला तर रिॲक्टरच्या करंटमध्ये त्याच्या शिखराएवढा डीसी भाग येतो. एसी भागात मात्र लाइनचा करंट रिॲक्टरच्या करंटला बरंचसं खोडून टाकतो. ब्रेकरमधून 34 भाग एसी आणि 66 भाग डीसी वाहतो, आणि करंट शून्याला शिवतच नाही. भरपाई 50 टक्क्यांच्या वर गेली की हे होऊ शकतं, आणि 100 च्या जितकं जवळ जावं तितकं ते बिकट.

तेवढ्यात एका फेजवर फॉल्ट निघून ट्रिप आली, तर त्या फेजचा पोल फॉल्टच्या करंटमुळे सुटतो. निरोगी फेजचे पोल आर्क धरून राहतात आणि कॉन्टॅक्ट जळतात. डिस्टर्बन्स रेकॉर्डरवर शून्यरेषेच्या एकाच बाजूला तरंगणारा करंट दिसला तर हाच प्रकार समजावा. व्होल्टेजच्या शिखरावर ब्रेकर मिटवला तर डीसी भाग टळतो, पण स्विचिंग सर्ज वाढतो. म्हणून अशा लाइनवर प्री-इन्सर्शन रेझिस्टर असलेला ब्रेकर निवडावा आणि रेझिस्टर किती मिलिसेकंद आत राहतो हे देखभालीच्या टायमिंग टेस्टमध्ये न चुकता मोजावं.